ऑफलाइन प्रिंटर आणि नववीचा पेपर

आमच्या प्रिंटरच्या कपाळावर एक निळा दिवा आहे. तो लुकलुकत असेल तर प्रिंटर वायफाय शोधतोय, आणि स्थिर असेल तर त्याला वायफाय सापडलंय, असं त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय. त्या दिवशी दुपारी सव्वा दोन वाजता दिवा अगदी स्थिर होता. आणि माझ्या लॅपटॉपवर लिहिलेलं होतं, 'प्रिंटर ऑफलाइन'.

मी गणिताची शिक्षिका आहे. दोन विधानं एकमेकांच्या विरुद्ध असतील तर त्यातलं एक खोटं असतं, हे मी बावीस वर्षं पोरांच्या डोक्यात घालत आले आहे. त्यामुळे ह्या दोघांपैकी कोण खोटं बोलतंय ते शोधून त्याचे कान उपटायचे, एवढंच माझ्या मनात होतं.

वेळ मात्र नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नववीचा गणिताचा सहामाही पेपर होता आणि तो मी काढला होता. गेल्या वर्षी कोणाचा तरी पेपर झेरॉक्सच्या दुकानातून फुटला, तेव्हापासून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, नियम केला होता. ज्याने पेपर काढला त्याने तो स्वतःच्या घरी छापायचा, पाकिटात घालून सील करायचा आणि आदल्या दिवशी चारच्या आत त्यांच्या हातात द्यायचा. दुकान नाही, ईमेल नाही, पेनड्राइव्ह नाही. ज्या सरांचा पेपर फुटला होता त्यांच्याकडे आता शाळेच्या बागेची जबाबदारी आहे. माणूस भौतिकशास्त्रातला होता.

माझ्या बाबतीत तर भानगड आणखी नाजूक होती. नववीच्या त्या अडतीस पोरांमध्ये माझा सख्खा पुतण्या आहे, आणि तो आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. मोठ्या बाईंना मी हे आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमचं वरच्यांशी बोलणंच नाही ना? मग काळजी कसली!" भांडणाचा असाही उपयोग असतो हे मला तेव्हा कळलं.

भांडण झालं होतं एका मार्कावरून. आठवीच्या वार्षिक परीक्षेत पुतण्याला गणितात चौतीस पडले होते. पस्तीसला पास. माझी थोरली जाऊ, जिला मी ताई म्हणते, खाली आली आणि म्हणाली, "एका मार्कानं तुझं काय जाणार आहे गं?" मी म्हणाले, "माझं काही जाणार नाही, पण त्याचं वर्ष कच्चं जाईल." पुढे आम्ही दोघी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पोरगा फेरपरीक्षेत पास झाला, पण सहा महिने झाले, तिने खालची पायरी उतरलेली नाही आणि मी वरची चढलेली नाही. भाऊ-भाऊ अंगणात उभे राहून बोलतात, आमच्या नावाने उसासे टाकतात आणि आपापल्या मजल्यावर जातात.

तर प्रिंटर. मी 'प्रिंट' म्हटलं, काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. रागाच्या भरात सात वेळा म्हटलं. यादीत सात पेपर एकाखाली एक येऊन बसले, रेशनच्या रांगेत बसावेत तसे. मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला.

"बंद करून चालू कर," तो म्हणाला.

"केलं."

"मग परत कर."

नवऱ्याचं यंत्रज्ञान इथे संपतं. हा प्रिंटर त्यानेच आणला. दोन घेतले की सवलत होती, म्हणून दोघा भावांनी एकाच दिवशी एकसारखे दोन आणले, एक खाली, एक वर. आधी आमचा प्रिंटर खोलीत राउटरशेजारी होता आणि शहाण्यासारखा वागायचा. मग गेल्या महिन्यात नवऱ्याला टेबल मोकळं हवं झालं आणि त्याने प्रिंटर नेऊन जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवला. तेव्हापासून एक दिवस चालायचा आणि तीन दिवस ऑफलाइन.

"वायर लावून छापते," मी म्हणाले. "वायर कुठे आहे?"

"वायरलेस प्रिंटरला वायर कशाला लागते? मी टाकून दिली."

मी फोन ठेवला. संसार टिकवायचा तर काही वेळा फोन ठेवावाच लागतो. खणात तीन वायरी सापडल्या, पण प्रिंटरच्या पाठीमागचं भोक चौकोनी आणि ह्या तिन्हींची टोकं चपटी. पावणेतीन वाजले. शेवटी मी नेटवाल्याला फोन लावला. आमच्या सगळ्या गल्लीचं इंटरनेट हाच जोडतो. भला माणूस, फक्त नेहमी कुठल्या तरी शिडीवर असतो.

"बोला मॅडम," तो म्हणाला. मागे वारा ऐकू येत होता.

मी सगळं सांगितलं. तो डॉक्टरसारखा एकेक विचारत गेला. कागद आहेत? आहेत. शाई? आहे. पडद्यावर काही एरर? नाही. "मग सेटिंगमध्ये बघा, 'प्रिंटर ऑफलाइन वापरा' ह्यावर बरोबरची खूण तर नाही ना? ती चुकून पडते." नव्हती. "रांगेत अडकलेलं सगळं पुसा. एक अडकला की मागचे सगळे अडकतात." मी सातही पेपर पुसले. तरी ऑफलाइन.

"आता राउटर बंद करा, दहा मोजा, चालू करा."

मी खोलीतला राउटर बंद केला. लॅपटॉपचं नेट गेलं. मी जिन्याखाली जाऊन पाहिलं आणि कौतुकाने सांगितलं, "राउटर बंद आहे, पण प्रिंटरचा दिवा अगदी स्थिर आहे हं. म्हणजे प्रिंटर चांगला आहे ना?"

"चांगला आहे, चांगला आहे," तो म्हणाला. आणि मग शिडीखालच्या कोणाला तरी ओरडला, "अरे, ती काळी नको, पांढरी सोड!"

आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, सगळं उत्तर त्या दिव्यात होतं. राउटरच बंद आहे तर प्रिंटर जोडलेला आहे तो कोणाला? हे मी, गणिताच्या बाईने, विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तीन वाजायला आले होते आणि घाईत शहाण्याचाही गोंधळ होतो.

राउटर चालू झाल्यावर तो म्हणाला, "प्रिंटरवर 'आय' लिहिलेलं बटण असेल, ते दाबून धरा. तो स्वतःचीच माहिती छापेल." आणि खरंच, जो प्रिंटर माझा पेपर छापायला तयार नव्हता त्याने स्वतःची कुंडली मात्र खळखळ छापून दिली. वायफायचं नाव: आमचंच. सिग्नल: उत्तम. खाली त्याचा पत्ता, म्हणजे आकड्यांची एक लांब माळ, शेवटी सात.

"नाव बरोबर, सिग्नल उत्तम," नेटवाला बुचकळ्यात पडला. "कपाट-बिपाट आहे का मध्ये? लोखंडी?"

"आहे. खोली आणि जिना ह्यांच्या मध्ये मोठं लोखंडी कपाट आहे."

"ते सिग्नल खातं मॅडम. तरी उत्तम कसा दाखवतोय? बरं, तो पत्ता लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं पान उघडायला पाहिजे."

टाकला. काही उघडलं नाही. गोल गोल फिरत राहिलं.

"आता एक करा. लॅपटॉप घेऊन प्रिंटरजवळ बसा. वायफाय एकदा बंद करून चालू करा. जुना प्रिंटर यादीतून काढून टाका आणि नवा जोडा."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, लॅपटॉप मांडीवर. सांगितलं ते सगळं केलं. आणि काय सांगू, यादीत प्रिंटर दिसला! एक सोडून दोन. दोन्हींचं नाव अक्षरशः तेच.

"दोन दिसतायत," मी म्हणाले.

"एक जुना राहिला असेल. पहिला घ्या."

पहिला घेतला. 'प्रिंटर तयार आहे' असं आलं. ऑफलाइन नाही! मी त्याच दमात पेपर उघडला, अडतीस प्रती सांगितल्या आणि बटण दाबलं. 'छापत आहे', लॅपटॉप म्हणाला. मला नेटवाल्याच्या शिडीला फुलं वाहावीशी वाटली.

मग मी समोरच्या प्रिंटरकडे पाहिलं. तो ढिम्म. निळा दिवा स्थिर, कागद जागच्या जागी. 'पान १ छापत आहे', लॅपटॉप म्हणाला. 'पान २ छापत आहे'.

आणि मला आवाज ऐकू आला. खर्र, खर्र, टक. खर्र, खर्र, टक. प्रिंटर चालल्याचा खणखणीत आवाज.

वरून.

"दादा," मी फोनमध्ये म्हणाले, "प्रिंटर चालतोय. पण वरच्या मजल्यावर."

पलीकडे तो शिडी उतरल्याचा खडखडाट ऐकू आला. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, वरच्या साहेबांच्या वायफायचं नाव काय आहे?"

"मला काय माहीत? आमचं बोलणं नाही."

"मला माहीत आहे," तो रडवेला होऊन म्हणाला. "मीच घातलं होतं. आधी दोन्ही मजल्यांना तुमचंच वायफाय होतं. मग त्यांनी वेगळं कनेक्शन घेतलं तेव्हा म्हणाले, घरातल्या सगळ्या फोनमध्ये आणि टीव्हीत आधीचं नाव आणि पासवर्ड भरलेला आहे, आता कोण बदलत बसणार? तेच नाव घाल, तोच पासवर्ड घाल. मी घातला. आणि त्यांचा राउटर लावला जिन्याच्या भिंतीवर."

म्हणजे जिन्याच्या भिंतीवर, आमच्या कोनाड्याच्या नेमक्या डोक्यावर.

त्याने घाईघाईने समजावलं. प्रिंटरला फक्त नाव आणि पासवर्ड कळतो, घर कोणाचं ते कळत नाही. आमच्या राउटरला कपाट आडवं येतं, वरच्याला काहीच नाही, म्हणून तो बेलाशक वरच्या वायफायला जाऊन चिकटला होता. कधी तरी चुकून आमच्याकडे यायचा, तेव्हा चालायचा. आणि लॅपटॉप खोलीत असताना आमच्या राउटरवर. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे, दोघंही पत्ते वाटतात एकाच पद्धतीने. "तो सात नंबर वरच्या घरात तुमच्या प्रिंटरचा आहे मॅडम. तुमच्या घरात सात नंबर बहुतेक टीव्हीचा. तुम्ही हाक मारली ती टीव्हीला." आणि आता मी जिन्यात येऊन वायफाय चालू-बंद केलं, तर लॅपटॉपही वर गेला. तिथे त्याला दोन जुळे प्रिंटर भेटले, आमचा आणि त्यांचा. मी पहिला निवडला.

कोणीच खोटं बोलत नव्हतं. दिवाही खरा होता आणि ऑफलाइनही खरं होतं. पण माझ्यासाठी त्या क्षणी तर्कशास्त्र गेलं चुलीत. वर पुतण्या होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यासाची सुट्टी असते. त्याचं घरातलं नाव बुटक्या आहे, आता तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, आणि त्याच्या खोलीत, त्याच्या हाताशी, उद्याचा पेपर एकेक पान करून बाहेर पडत होता. अडतीस प्रती.

मी 'रद्द करा' दाबलं. 'रद्द होत आहे', लॅपटॉप म्हणाला. खर्र, खर्र, टक, प्रिंटर म्हणाला.

लॅपटॉप बगलेत मारून, फोन मुठीत धरून मी जिना चढले. सहा महिन्यांत पहिल्यांदा, तेही पळत. चढताना माझ्या मनात काय काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, ताईला आता आयतं घबाड मिळालं. एक मार्क मागत होती, आता शंभर मिळतील. ती मोबाइलवर फोटो काढत असेल, मग सगळी पानं माझ्या हातात देऊन गोड हसेल, आणि मी बागेत त्या सरांच्या शेजारी खुरपं घेऊन बसेन. मधल्या वळणावर आवाज थांबला. मला वाटलं, झालं, सगळं छापून झालं.

दार उघडंच होतं. ताई खोलीच्या मधोमध उभी होती. तिच्या एका हातात प्रिंटरचा प्लग होता, भिंतीतून उपटलेला, आणि दुसऱ्या हातात कागदांचा गठ्ठा, पालथा, छातीशी घट्ट धरलेला. प्रिंटरवर तिने पलंगावरची चादर टाकली होती. पुतण्या कुठेच दिसत नव्हता. बाथरूमच्या दाराला मात्र बाहेरून कडी होती आणि आतून धडाधड आवाज येत होता.

"आई, मी काही पाहिलं नाही!"

"गप बस आत!" ताई ओरडली. मग माझ्याकडे वळली. सहा महिन्यांनी आम्ही समोरासमोर उभ्या होतो आणि दोघींनाही धाप लागली होती. "हे यंत्र आपोआप सुरू झालं गं," ती म्हणाली. "मी पाहते तर वर लिहिलेलं, इयत्ता नववी, गणित. पहिलं पान जमिनीवर पडलं होतं आणि हा तिथेच बसलेला. मी त्याला दंडाला धरला आणि कोंडला. थांबवायचं कसं ते कळेना, म्हणून प्लग ओढला. घे. पाच पेपर पुरे आहेत आणि सहाव्याचं एक पान. मोजून घे."

मी मोजले नाहीत. जिन्यात तिच्याबद्दल जे जे मनात आलं होतं ते सगळं माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार, कारण ती म्हणाली, "तुला वाटलं मी त्याला दाखवीन."

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायला त्राणच नव्हतं. "चुकलं माझं, ताई."

"वाटणारच. मी मार्क मागायला आलेच होते." ती पलंगाच्या कडेवर बसली. "पण ऐक. हा पेपर देऊ नकोस, दुसरा काढ. तो म्हणतोय पाहिलं नाही, पण उद्या ह्याला चांगले मार्क पडले, तर ते ह्याचे का ह्या खोक्याचे? मला कळायला नको? जन्मभर मनात राहील माझ्या."

मला हे सुचायला हवं होतं. मला सुचलं होतं ते इतकंच, की पाच पेपर फाडावेत आणि कोणाला काही सांगू नये. मी तिथेच उभ्या उभ्या मोठ्या बाईंना फोन लावला आणि जिन्यापासून बाथरूमपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोराला कोंडलं कोणी म्हणालात?"

"माझ्या जाऊबाईंनी."

"मग नवा पेपर काढा. साडेपाचपर्यंत थांबते मी. आणि तुमच्या त्या नेटवाल्याला म्हणावं, आधी नाव बदल."

नेटवाला अजून होल्डवर लटकलेला होता. खालच्या वायफायचं नाव बदलायला त्याने पाच मिनिटं मागितली. ताईने माझ्यासाठी खुर्ची ओढली, मी लॅपटॉप उघडला आणि जुना पेपर पुसायला घेतला. तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला, आता बराच मऊ.

"काकू?"

"काय रे?"

"नवा काढणारच आहेस ना? मग सांगू का एक?"

"सांग."

"तिसऱ्या प्रश्नातला त्रिकोण होतच नाही."

ताई ताडकन उभी राहिली. "म्हणजे वाचलंस तू! मेल्या, शपथेवर सांगत होतास—"

"पानच तोंडासमोर पडलं, आई! डोळे मिटेपर्यंत तिसऱ्यापर्यंत पोचलो होतो!"

मी तिसरा प्रश्न पाहिला. 'चार, पाच आणि दहा सेंटिमीटर बाजू असलेला त्रिकोण काढा.' मला आठ लिहायचं होतं. चार आणि पाच नऊ. नऊ सेंटिमीटर दहाला पुरत नाहीत, टोकं एकमेकांना भेटत नाहीत, त्रिकोण बंद होत नाही. मी हा पेपर चार वेळा तपासला होता. उद्या सकाळी अडतीस पोरं कंपास घेऊन तो नसलेला त्रिकोण शोधत बसली असती.

"काय गं?" ताईने माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं. "काय झालं?"

"बरोबर आहे त्याचं."

"कोणाचं?"

"ह्याचं. बुटक्याचं. माझं चुकलंय."

ताईने एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे. चिडलेला चेहरा तसाच ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला, पण तो काही राहिना. ती माझ्या अगदी जवळ आली आणि आत ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "खरंच बरोबर आहे? की मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

"ताई," मी म्हणाले, "मी कधी कोणाला बरं वाटावं म्हणून मार्क दिलेत का?"

तिने मान हलवली, नाही. मग डोळ्यांना हात लावला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. मीही रडले. आतून बुटक्या विचारत होता, "आता उघडता का?" आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "पेपर होईपर्यंत नाही!"